त्रयस्थ माणसापायी चुकलेली गाडी

माझ्या एकुलत्या एका भाचीच्या लग्नाला मी नव्हतो. मंगलाष्टकं सुरू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. तिच्या पाठीशी माझा नागपूरचा एक चुलतभाऊ उभा राहिला, ज्याला तिनं त्याआधी फार तर दोनदा पाहिलं असेल. बहिणीनं ते फोटो मला आजवर पाठवलेले नाहीत आणि मीही मागितलेले नाहीत. या सगळ्याचं दुःख आहेच, पण ते घरातलं आहे, आमचं आम्ही निस्तरलं. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. मी तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो, बायको अंगणवाडीत आहे. लग्न नागपूरला होतं, तिकडची गाडी दौंडला रात्री धरायची होती. तिकिटं मी बारामती स्टेशनच्या खिडकीवर रांगेत उभं राहून काढली होती, कारण मोबाईलवरच्या तिकिटावर माझा विश्वास नाही. बायको यावरून मला हसते. दुपारी निघून बारामतीत शिंप्याकडून तिचे ब्लाऊज घ्यायचे आणि तिथून दौंड गाठायचं, असं ठरलं होतं. नेहमीचा गाडीवाला आयत्या वेळी दुसऱ्या भाड्यावर गेला आणि त्यानं इंदापूरचा एक ड्रायव्हर पाठवला. चाळिशीचा, सडपातळ, अबोल माणूस. बॅगा त्यानंच उचलून मागं ठेवल्या. "पाव्हणं, वेळंत सोडतो, काळजी नगा करू," एवढंच बोलला.

काटेवाडीच्या अलीकडे त्यानं गाडी हळू केली, मग रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मला वाटलं पंक्चर. त्यानं हँडब्रेक ओढला, चावी बंद केली, आणि डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. शर्ट घामानं चिंब झाला होता.

"काय होतंय?"

"छातीत... दाबल्यासारखं. डावा हात उचलंना."

आज मी त्या क्षणाचा विचार करतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. त्या माणसानं मरणाच्या दारात असताना आधी गाडी कडेला घेतली. मागं आम्ही दोघं बसलो होतो आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते.

मी आणि बायकोनं त्याला बाजूच्या सीटवर सरकवलं. मला ट्रॅक्टर येतो, जीप थोडीफार येते. ती गाडी मी बारामतीपर्यंत कशी नेली ते मला सांगता येणार नाही. बायको मागून त्याच्या खांद्याला धरून होती आणि सारखी म्हणत होती, "भाऊ, डोळे उघडे ठेवा. भाऊ, बोला माझ्याशी." पहिलं मोठं हॉस्पिटल दिसलं तिथं मी हॉर्न दाबून धरला.

आत गेल्यावर स्ट्रेचर, ईसीजी, सुया, सगळं पटापट झालं. डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पण घाई न करता बोलले. हृदयविकाराचा मोठा झटका आहे, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल, त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, न दिलं तर धोका त्याहून मोठा. मग त्यांनी विचारलं, "नातेवाईक कोण आहे?"

"कोणी नाही. आम्ही त्यांच्या गाडीत बसलो होतो."

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही सोबत आलेले म्हणून सही करा. थांबणार आहात ना?"

मी सही केली. नात्याच्या जागी 'सोबत आलेली व्यक्ती' असं लिहिलं, आणि दवाखान्यानं ते मान्य केलं. कोणी भुवई उंचावली नाही.

त्याचा फोन शर्टाच्या खिशात होता. त्याचंच बोट लावून बायकोनं तो उघडला आणि 'घर' नावाच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे त्याची बायको होती. ती दुसऱ्याच्या शेतात भाजी तोडायला गेली होती. "आवो, आमी कुठं येऊ? कुठं हायत ते?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला एसटीनं इंदापूरहून बारामतीला यायचं होतं.

आता दौंडच्या गाडीचं काय, हा प्रश्न आमच्या दोघांमध्ये येऊन उभा राहिला. बायको म्हणाली, "तुम्ही दुसरी गाडी करून जा. मामा तुम्ही आहात. मी थांबते." मी जिन्यापर्यंत गेलो. तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली: ठोके अनियमित होतायत, इंजेक्शननं रक्तस्राव झालाच तर म्हणून रक्ताच्या बाटल्यांची सोय करून ठेवा, कोण धावपळ करणार? बायको बारामतीत एकटी, अनोळखी माणूस आत, त्याची बायको अजून वाटेत. मी परत फिरलो. रक्तपेढीत जाऊन आलो, औषधं आणली, चहा आणला. त्याची बायको पोचली तेव्हा बाहेर बरीच रात्र झाली होती. तिच्या पायात शेतातल्याच चपला होत्या. ती काचेतून आत बघत उभी राहिली, मग खाली बसली आणि माझ्या बायकोचा हात धरून म्हणाली, "ताई, जाऊ नगा लगीच." आम्ही गेलो नाही. तेव्हा निघून दौंड गाठणं तसंही शक्य राहिलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्ताला नागपुरात पोचवील असं दुसरं काहीच नव्हतं.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "तो तुझा कोण लागतो?" एवढंच बोलून रडायला लागली. तिला मी दोष देत नाही. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कुठल्याही आईनं हेच विचारलं असतं.

पण हाच प्रश्न पुढं रेल्वेनंही मला विचारला, आणि तोही शांत डोक्यानं, टाइप करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. मी तिथूनच बारामती स्टेशनवर गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी तिकीट पाहिलं, माझा न धुतलेला चेहरा पाहिला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. भला माणूस. म्हणाले, "गुरुजी, गाडी सुटल्यावर खिडकीवर पैसे परत देता येत नाहीत. मी तिकीट जमा करून घेतो आणि टीडीआर देतो, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. ही मूळ पावती जोडून मुंबईच्या रिफंड कार्यालयाला अर्ज करा. मुदत थोडी असते, उशीर करू नका. अधिकार तिकडच्या साहेबांचा. नियमात न बसणाऱ्या गोष्टीतही त्यांना वाटलं तर ते देऊ शकतात."

"नियमात बसत नाही म्हणता?"

"प्रवास केला नाही हे तुमचं कारण आहे. गाडी उशिरा आली असती, रद्द झाली असती, तर गोष्ट वेगळी होती. पण दवाखान्याचा कागद लावा. माणसंच बसलेली असतात तिकडं."

माणसंच बसलेली असतात, या वाक्यावर मी विश्वास ठेवला. अर्ज मी स्वतः लिहिला, मराठीत आणि इंग्रजीतही. काय घडलं ते सरळ लिहिलं. डॉक्टरांचा दाखला, दाखल केल्याचा कागद, माझ्या सहीची प्रत, मूळ टीडीआर, सगळं जोडून रजिस्टर पोस्टानं पाठवलं. खरं सांगायचं तर पैशाची मला तितकी फिकीर नव्हती. नागपूरला न जाण्याला कोणीतरी योग्य कारण म्हणावं, एवढीच इच्छा असावी. घरचे म्हणत नव्हते, निदान सरकारनं तरी म्हणावं.

बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं. चार ओळी होत्या. दाव्याची तपासणी केली. तिकिटावरील कोणताही प्रवासी आजारी अथवा रुग्णालयात दाखल नव्हता. रुग्ण ही त्रयस्थ व्यक्ती असून प्रवाशांशी तिचं नातं नाही. सबब प्रवाशांनी स्वेच्छेनं प्रवास केला नाही असं दिसून येतं. परतावा देय नाही.

स्वेच्छेनं! मी तो कागद टेबलावर आपटला तसा बायकोच्या हातातून तांदळाचं ताट निसटलं. माझ्या स्वेच्छेनं मी लग्न चुकवलं. बहिणीला रडवलं, तेही माझ्या स्वेच्छेनं. म्हणजे यांच्या हिशेबात बरोबर वागण्याची एक रीत होती: त्या माणसाला काटेवाडीच्या रस्त्यावर उतरवायचं, हात जोडायचे, दुसरी गाडी करायची आणि वेळेत दौंडला पोचायचं. मग सगळं नियमात. मग मी सुज्ञ प्रवासी.

आणि दौंडला आमच्या जागा रिकाम्या गेल्या असतील का? मुळीच नाही. तपासनिसानं आम्ही आलो नाही अशी खूण केली असणार आणि आरएसीवाल्यांना, अर्ध्या बाकड्यावर बसलेल्यांना, आमचे बर्थ मिळाले असणार. चांगलंच झालं, कोणीतरी आडवं होऊन झोपलं. पण रेल्वेचं नुकसान काय झालं, ते मला गणिताच्या मास्तराला कोणी समजावून सांगावं.

तो कागद घेऊन मी पुन्हा बारामतीच्या खिडकीवर गेलो. बाबूंनी वाचला. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "गुरुजी, फेरविचाराचा अर्ज करा. फक्त नात्याच्या ठिकाणी 'मेहुणा' लिहा. जवळचा नातेवाईक झाला की त्यांनाही पास करायला बरं पडतं. कोण बघायला येतंय?"

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे खरं लिहिलं म्हणून नाही आणि खोटं लिहिलं की हो?"

"व्हय," ते म्हणाले. इतका वेळ प्रमाण भाषेत बोलणारा माणूस एकदम गावाकडच्या बोलीवर आला. "आसंच हाय गुरुजी. मी काय करू?"

घरी बायकोचंही तेच मत पडलं. "एक शब्द तर आहे. मी नाही का त्याला भाऊ म्हटलं? माझा भाऊ म्हणजे तुमचा मेहुणाच झाला." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी पेन घेऊन बसलोही. पण तो शब्द हातून उतरेना. मेहुणा लिहिला की मी केलं ते घरचं कर्तव्य झालं. मग रेल्वेचंच म्हणणं खरं ठरतं, की नात्यातल्या माणसासाठी थांबणं ही अडचण आणि अनोळखी माणसासाठी थांबणं ही हौस. ते मी माझ्या हातानं लिहून देणार नव्हतो.

"मी मुंबईला जातो," मी म्हणालो.

"तिकिटाचे पैसे परत मागायला तिकीट काढून?" बायको म्हणाली. मी हसलो नाही.

दरम्यान तो ड्रायव्हर बरा होत होता. त्याला पुढं हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. लांबची भाडी डॉक्टरांनी बंद केली होती. एका रविवारी नवरा-बायको घरी आले. पिशवीत कणसं आणि एका रुमालात नोटा. त्याच्या बायकोनं तो रुमाल माझ्यासमोर ठेवला. "तुमची तिकिटं आमच्यापायी गेली म्हनं. गावात कळलं आमाला."

मी तो रुमाल तिच्याकडं परत सरकवला. मला इतका संताप आला होता की तिच्यावर ओरडतो की काय असं वाटलं. राग तिच्यावर नव्हताच. शेतात भाजी तोडणाऱ्या बाईनं औषधाच्या खर्चातून वाचवलेले पैसे रेल्वेच्या वतीनं मला आणून द्यावेत, अशी वेळ त्या चार ओळींनी आणली होती. माझ्या बायकोनं चहा ठेवला, कणसं घेतली, रुमाल तिच्या पिशवीत स्वतः घातला.

मुंबईचा विषय निघाला तसा ड्रायव्हर म्हणाला, "मी बी येतो."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"मला बघू तर द्या, कोन म्हनतंय ते."

तीन महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून आम्ही गेलो. कार्यालयाच्या दारावर पास काढला, एका लांब व्हरांड्यात बाकावर बसलो. आत फायलींची कपाटं, खिडकीत कबुतरं. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्हाला बोलावलं. टेबलामागचे अधिकारी माझ्याहून वयानं लहान होते आणि मराठी होते. उद्धट मुळीच नव्हते. उद्धट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

"सर, तुमची फाइल मी वाचली आहे," ते म्हणाले. "व्यक्तिशः तुमचं कौतुकच वाटतं. पण आम्हाला ऑडिटला उत्तर द्यावं लागतं. प्रवासी आजारी असता, किंवा त्याचे आईवडील, पत्नी, मूल... तर विचार करता आला असता. उद्या प्रत्येकजण म्हणेल, वाटेत कोणीतरी पडला होता म्हणून गाडी चुकली."

"वाटेत इतकी माणसं पडतात आणि त्यांना उचलायला इतके लोक थांबतात, असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी फाइल बाजूला सरकवली. मग माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहून म्हणाले, "हे कोण?"

"तुमच्या पत्रातली त्रयस्थ व्यक्ती."

ड्रायव्हरनं नमस्कार केला. मला हळूच विचारलं, "तरयस्थ म्हंजी काय वो?"

मी साहेबांकडे पाहत राहिलो. त्यांनीच सांगावं असं मला वाटत होतं.

ते अडखळले. "म्हणजे... ज्याचा त्या गोष्टीशी संबंध नाही असा."

"माझा न्हाय संबंध?" ड्रायव्हर म्हणाला. आवाज चढला नव्हता, खरोखरच विचारत होता. "साहेब, गाडी मी चालवत हुतो. तुमच्या टेशनावर न्यायची हुती ह्यास्नी. वेळंत सोडतो म्हून सबुद दिला हुता मी. गाडी चुकली ती माझ्यामुळं. मग संबंध न्हाय कसा?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग फाइल जवळ ओढली. दाखल केल्याची वेळ कुठं आहे, विचारलं. मी कागद दाखवला. गाडीच्या चार्टावर आमच्या नावांपुढं काय आहे ते एका कारकुनाला बघायला सांगितलं. न आलेले, असंच होतं, आणि जागा दुसऱ्यांना दिल्या होत्या. त्यांनी ते टिपून घेतलं. "मी माझ्या अधिकारात देऊ शकत नाही. शिफारस करून वर पाठवतो. नवीन अर्ज इथंच लिहून द्या." मग विचारलं, "नातं काय लिहिणार?"

"काही नाही."

"रकाना रिकामा ठेवता येणार नाही."

मी लिहिलं: 'यांच्या गाडीत आम्ही बसलो होतो.' त्यांनी वाचलं, आणि शिक्का मारला.

परतताना ड्रायव्हर लोणावळ्याच्या पुढं म्हणाला, "मानूस वाईट न्हवता."

"नव्हता," मी म्हणालो. आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. वाईट माणसानं ते पत्र लिहिलं असतं तर एका माणसाला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. इथं सगळेच सभ्य होते. खिडकीवरचे बाबू भले, साहेब भले, आणि सगळ्यांनी मिळून बनवलेल्या त्या चार ओळी मात्र निर्लज्ज.

पावसाळा सरताना दुसरं पत्र आलं. कपात करून उरलेली रक्कम माझ्या खात्यात जमा होईल, असं त्यात होतं. बायको आनंदली. ती म्हणाली, "बघा, मेहुणा न लिहिता मिळालं." मी पुढचं वाक्य तिला वाचून दाखवलं. 'सदर परतावा विशेष बाब म्हणून मंजूर करण्यात येत असून तो पूर्वोदाहरण म्हणून धरला जाऊ नये.'

"म्हणजे?"

"म्हणजे हे एकदा झालं ते झालं. पुन्हा कोणी असं वागून आमच्याकडं येऊ नये."

ती म्हणाली, "त्यांना तसंच लिहावं लागत असेल." असेलही. ऑडिट, शिक्के, वरचे साहेब, मी सगळं समजू शकतो, पंचवीस वर्षं मीही सरकारी परिपत्रकं वाचतोय. पण शाळेत एखाद्या मुलानं पडलेल्या मुलाला उचलून आणलं आणि त्यापायी त्याचा तास बुडाला, तर मी त्याची हजेरी लावीन, आणि वर बाकीच्या मुलांना सांगीन का, की हे बघून तुम्ही असलं काही शिकू नका?

मी त्या कार्यालयाला उत्तर लिहिलं. पैसे मिळाल्याचं कळवलं, आभार मानले, कारण मुंबईतल्या त्या साहेबांनी शिफारस खरोखर केली होती. शेवटी एक ओळ जोडली: 'पूर्वोदाहरण म्हणून धरू नये ही सूचना वाचली. ती आम्ही पती-पत्नी पाळू शकणार नाही, क्षमा असावी.' बायकोनंही खाली सही केली. त्या पत्राला उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

पैसे मी बहिणीला पाठवले, भाचीला साडी घे म्हणून. तिनं घेतली का ते मला माहीत नाही.